चार्जरचा लुकलुकणारा लाल-नारिंगी दिवा कसा वाचायचा

चार्जरवर लाल दिवा लुकलुकायला लागला की बहुतेकजण आधी रंगाचा अर्थ शोधतात. चूक तिथेच सुरू होते, कारण रंगाला सगळीकडे चालेल असा एकच अर्थ नाही. मकिताच्या डीसी १८ आरसी या ड्रिल-चार्जरवर स्थिर लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू आहे. डिवॉल्टच्या डीसीबी ११५ वर तोच स्थिर लाल दिवा म्हणजे बॅटरी पूर्ण भरली, आणि चार्जिंग चालू असताना तिथला लाल दिवा लुकलुकतो. मकितावर नुसता लाल लुकलुकला, तर बॅटरी फार गरम किंवा फार थंड आहे म्हणून चार्जर थांबलेला असतो. एका यंत्राचा अर्थ दुसऱ्याला लावला की चांगली बॅटरी टाकून दिली जाते, नाहीतर खराब बॅटरी रात्रभर चार्जरवर राहते. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. दिवा बॅटरीतला बिघड दाखवत नाही. चार्जरने काय ठरवलं आहे, तेवढंच तो दाखवतो. आतली चार्जिंग-चिप व्होल्टेज, करंट, तापमान आणि वेळ तपासत असते. यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की ती चार्जिंग थांबवते, आणि अनेक चिपांकडे हे सांगायला एकच खूण असते: सेकंदाला एक उघडझाप. तापमान, जास्त व्होल्टेज, वेळ संपणं, या सगळ्यांसाठी तीच. म्हणून दिवा पाहून कारणांची यादी मिळते, नेमकं कारण मिळत नाही. त्या यादीतलं एकेक कारण क्रमाने बाद करायचं असतं, आणि खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. मुख्य उदाहरण लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलचं घेतलं आहे, कारण त्याच्या चार्जरवर सगळ्यात जास्त प्रकारच्या खुणा दिसतात. लॅपटॉप, स्कूटर आणि इअरबड्सचं वेगळेपण जिथल्या तिथे सांगितलं आहे.

## तयारी: काहीही काढ-घाल करण्याआधी

मोबाइलवर दिव्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. लोक पहिलं काम म्हणून प्लग काढून पुन्हा लावतात, आणि त्याबरोबर दिव्याची मूळ लय निघून जाते. काही चार्जर पुन्हा लावल्यावर पहिले काही सेकंद स्वतःची तपासणी करतात, त्या वेळची उघडझाप वेगळीच असते. व्हिडिओत चार्जर आणि यंत्र दोन्ही दिसू द्या आणि आवाज सुरू ठेवा, आवाजाचा पुढे उपयोग होणार आहे.

मग चार्जरच्या मागच्या लेबलचा फोटो घ्या. मॉडेल क्रमांक, आउटपुट व्होल्टेज आणि करंट त्यावर असतात. पुस्तिका शोधायची ती या मॉडेल क्रमांकाने, कंपनीच्या नावाने नाही. एकाच कंपनीच्या दोन चार्जरांच्या खुणा वेगळ्या असू शकतात.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: डिजिटल मल्टिमीटर, कोरडं सुती फडकं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शक्य असेल तर त्याच प्रकारची दुसरी बॅटरी किंवा दुसरा चार्जर. ही दुसरी वस्तू मल्टिमीटरपेक्षाही जास्त उपयोगी पडते. शेजाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणलीत तरी चालेल.

इशारा: बॅटरी फुगलेली असेल, गोडसर किंवा रासायनिक वास येत असेल, फुसफुस ऐकू येत असेल किंवा कवच हाताला चटका देत असेल, तर इथेच थांबा. मेन्सचा स्विच बंद करा. हात लावण्यासारखी असेल तरच बॅटरी काढून मोकळ्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा. पुढची एकही तपासणी तिच्यावर करू नका.

## पायरी १: हा दिवा नक्की कशाचा?

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण चुकीच्या दिव्याचा अर्थ लावत लोक दिवसचे दिवस घालवतात.

सगळ्यात जास्त गोंधळ लॅपटॉपवर होतो. डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर एकच दिवा दोन कामं करतो. एरवी तो बॅटरीची स्थिती दाखवतो, आणि मशीन सुरूच होत नसेल तेव्हा मदरबोर्डची तक्रार सांगतो. उदाहरणार्थ, नारिंगी दोनदा, मग पांढरा तीनदा, मग थोडी विश्रांती, आणि पुन्हा तेच. याचा अर्थ मशीनला रॅम सापडत नाही. चार्जरचा यात काही संबंध नसतो, तरी ‘नारिंगी लुकलुकतोय’ म्हणून नवा अडॅप्टर विकत घेतला जातो. एचपीच्या अनेक लॅपटॉपांवरही असे संकेत असतात, तिथे लांब लाल आणि आखूड पांढऱ्या उघडझापा मोजायच्या असतात.

ओळखायची खूण सोपी आहे. स्क्रीनवर चित्र येतं आणि मशीन चालतं, तर दिवा बॅटरीबद्दल बोलतो आहे. पॉवर बटण दाबूनही स्क्रीन काळीच राहते आणि उघडझापांचे गट मोजता येतात, तर तो मदरबोर्डचा संकेत आहे. मग हा लेख बाजूला ठेवून त्या मॉडेलची सेवा-पुस्तिका उघडा.

इअरबड्सचंही असंच होतं. एअरपॉड्सच्या डबीवर नारिंगी दिवा लुकलुकला तर चार्जिंगचा बिघड समजू नका. एअरपॉड्स पुन्हा जोडून घ्यावे लागतील, असं तो सांगतो. चार्जिंग चालू असतानाचा नारिंगी दिवा स्थिर असतो.

थिंकपॅडला चार्जर लावताच पॉवरचा दिवा तीनदा लुकलुकतो. वीज पोचल्याची ती पावती असते. तीनदा लुकलुकून थांबला तर सगळं ठीक आहे.

तपासा: दिवा चार्जरवर आहे, बॅटरीवर आहे की यंत्रावर? ड्रिलच्या बॅटरीवर किती चार्ज उरला हे दाखवणाऱ्या दिव्यांची वेगळी ओळ असते. तिचा आणि चार्जरच्या दिव्याचा अर्थ एकमेकांत मिसळू नका.

## पायरी २: रंगाआधी लय लिहून घ्या

आता व्हिडिओ पाहा आणि कागदावर लिहा. सगळ्या खुणा साधारण चार प्रकारांत बसतात.

पहिली एकसारखी उघडझाप. एकच रंग, ठरावीक गतीने, मध्ये विश्रांती न घेता. ही बहुतेक वेळा ‘थांबलो आहे’ किंवा ‘चार्ज करतो आहे’ असं सांगते. दोन्हींतला फरक फक्त पुस्तिकेतून कळतो.

दुसरी आलटून-पालटून दोन रंगांची. ड्रिलच्या चार्जरवर लाल-हिरवा असा आळीपाळीने लुकलुकत असेल, तर मकिता आणि मिलवॉकी दोन्हींकडे तो खराबीचा इशारा आहे: चार्जरने ही बॅटरी नाकारली आहे. डेलच्या अनेक लॅटिट्यूड मॉडेलांवर नारिंगी आणि पांढरा आलटून-पालटून लुकलुकणं म्हणजे अडॅप्टर ओळखीचा नाही. नुसता नारिंगी सतत लुकलुकत राहिला तर तक्रार बॅटरीची आहे.

तिसरी गटांची. काही उघडझापा, विश्रांती, पुन्हा तितक्याच उघडझापा. हाच खरा मोजायचा संकेत. तीन वेळा मोजा आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला तरच धरा.

चौथ्या प्रकाराला लोक संकेत समजतात, पण तो संकेत नसतो. दिवा उजळतो, मंद होत विझतो, पुन्हा उजळतो, आणि त्याच तालावर चार्जरमधून बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते. व्हिडिओतला आवाज कामी येतो तो इथे. याचा अर्थ चार्जरच्या आउटपुटवर कुठेतरी शॉर्ट आहे. चार्जर सुरू होतो, प्रमाणाबाहेर करंट पाहतो, स्वतःला बंद करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. अशा वेळी चार्जरची पिन यंत्रातून काढा. दिवा लगेच स्थिर झाला तर शॉर्ट यंत्राच्या बाजूला आहे. पिन काढूनही टिकटिक चालूच राहिली तर दोष चार्जरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. वायर पिनजवळ आणि चार्जरच्या पेटीजवळ, म्हणजे जिथे ती रोज वाकते तिथे, आधी पाहा.

इशारा: मेन्समधून काढल्यावरही काही सेकंद दिवा मंद जळत राहणं हा बिघड नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपेपर्यंत तो जळतो.

वायरलेस पॅडबद्दल थोडक्यात सांगायचं तर तिथला लुकलुकणारा दिवा बहुतेक वेळा फोन आणि पॅडमध्ये धातू आल्याचं सांगतो. कव्हरमधली चुंबकीय पट्टी, नाणं, धातूची अंगठी काढा आणि फोन बरोबर मध्यावर ठेवा.

## पायरी ३: तापमानाची थांब

ड्रिलच्या बॅटरीवर सगळ्यात जास्त दिसणारी खूण हीच आहे आणि सगळ्यात जास्त घाई होते तीही इथेच. काम करून काढलेली बॅटरी आतून गरम असते. बहुतेक उत्पादक साधारण ५ किंवा १० ते ४० अंश सेल्सिअस या पट्ट्यातच चार्ज करायला सांगतात. लिथियम सेल शून्याच्या खाली चार्ज केला तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि तो नंतर निघत नाही. फार गरम असताना चार्ज केला तर सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून चार्जर थांबतो. मकितावर तेव्हा लाल लुकलुकतो, मिलवॉकीवरही लाल लुकलुकतो, आणि डिवॉल्ट डीसीबी ११५ वर लाल लुकलुकत असताना पिवळा स्थिर जळतो.

करायचं काय? बॅटरी चार्जरमधून काढा, सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि तासभर विसरून जा. कवच हाताला गार लागलं म्हणजे आतले सेल गार झाले असं नाही, त्यांना जास्त वेळ लागतो. काही चार्जरमध्ये बॅटरी थंड करणारा पंखा असतो, तिथे ती चार्जरवरच राहू दिली तरी चालते. पण मकितावर पिवळा लुकलुकत असेल तर थंड करण्याच्या व्यवस्थेतच अडचण आहे. पंख्याच्या जाळीतली धूळ आणि लाकडाचा भुसा ब्रशने काढा.

बॅटरी फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्यावर तिच्यावर आणि आतल्या सर्किटवर दव धरतं, आणि थंडीमुळे ती पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाते.

या पायरीतली महत्त्वाची खूण पुढे आहे. बॅटरी साध्या तापमानाच्या खोलीत रात्रभर पडून होती आणि तरीही सकाळी चार्जर ‘फार गरम किंवा फार थंड’ असंच म्हणतो आहे, तर त्याची तक्रार तापमानाबद्दल राहिलेली नाही. बॅटरीच्या आत थर्मिस्टर नावाचा छोटा घटक असतो. तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो. चार्जर तो रोध एका वेगळ्या संपर्कपट्टीतून मोजतो. ती पट्टी मळली, वाकली किंवा आतली तार तुटली, की रोध अफाट वाढल्यासारखा दिसतो आणि चार्जरला बॅटरी बर्फासारखी थंड वाटते. मग तो अनंतकाळ वाट पाहत राहतो.

म्हणून आधी चार्जर मेन्समधून काढा. फडक्याच्या टोकाला थोडं अल्कोहोल लावून चार्जरच्या पात्या आणि बॅटरीच्या खाचांमधले सगळे संपर्क पुसा, विशेषतः मधले बारीक संपर्क, कारण माहितीची देवाणघेवाण त्यांच्यातून होते. सँडपेपर किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, त्याने वरचा मुलामा जातो आणि महिन्याभरात तिथेच जास्त गंज धरतो. पूर्ण सुकू द्या, मग बॅटरी ‘खट्’ आवाज येईपर्यंत सरकवा. अर्धवट बसलेली बॅटरी खराब बॅटरीसारखीच खूण देऊ शकते.

तपासा: बॅटरी खोलीत किमान दोन तास पडून होती का? संपर्क पुसले का? पूर्ण बसली का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जा.

## पायरी ४: अदलाबदल

एक संशयित बॅटरी आणि एक चार्जर एवढंच हाताशी असेल, तर दोष कोणाचा हे दिव्यावरून ठरवता येत नाही. दुसरी बॅटरी त्याच चार्जरवर लावा. ती नीट चार्ज झाली तर चार्जर निर्दोष आहे, संशय पहिल्या बॅटरीवर राहतो. दुसरीलाही तीच खूण आली तर चार्जरवर संशय घ्या. मग पहिली बॅटरी दुसऱ्या चार्जरवर लावून खात्री करा. उलटसुलट दोन्ही चाचण्या झाल्या की उत्तर जवळजवळ पक्कं होतं.

अदलाबदल करताना दोन्ही बॅटऱ्या सारख्या तापमानाच्या आणि दोन्ही थोड्या तरी रिकाम्या असाव्यात. भरलेली बॅटरी लावली तर चार्जर लगेच ‘पूर्ण’ म्हणेल आणि त्यातून त्याची चार्ज करण्याची क्षमता कळणार नाही. निदान पाच मिनिटं निरीक्षण करा, पहिल्या दहा सेकंदांवर निर्णय देऊ नका.

लॅपटॉपवर हीच चाचणी अडॅप्टर बदलून होते, फक्त तिथे वॉटेजही जुळायला हवं. युएसबी-सीचा कमी वॉटेजचा चार्जर पिनमध्ये नीट बसतो, पण लॅपटॉप चार्जिंग नाकारतो किंवा फार हळू करतो, आणि ते बिघडासारखं दिसतं. डेलच्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये मध्यभागी एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टरची ओळख विचारतो. सुई वाकली किंवा तिची तार तुटली की लॅपटॉप चालतो, बॅटरी मात्र चार्ज होत नाही. अडॅप्टरचं व्होल्टेज मोजलं तर बरोबर येतं, म्हणून लोक गोंधळतात. पिनमध्ये टॉर्च मारून सुई सरळ आहे का ते पाहा.

## पायरी ५: मल्टिमीटर

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी वायर ‘कॉम’ला आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात. करंट मोजायच्या भोकात चुकून लाल वायर राहिली आणि तुम्ही बॅटरीला टोकं लावलीत, तर तो थेट शॉर्ट होईल. दर वेळी पाहून घ्या.

ड्रिलच्या चार्जरवर बॅटरी न लावता व्होल्टेज मोजू नका, त्याचा उपयोग नाही. असे चार्जर बॅटरी ओळखल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत, त्यामुळे तिथे शून्य दिसलं तरी तो दोष नसतो. मोजायची ती बॅटरी, तिच्या मोठ्या अधिक आणि उणे संपर्कांवर. टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

१८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सेलचे पाच गट एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला गट ४.२ व्होल्टचा, म्हणून एकूण २१ व्होल्ट. रिकामी झालेली पण तंदुरुस्त बॅटरी १५ च्या आसपास असते, म्हणजे प्रत्येक गट साधारण ३ व्होल्टला. त्याहून बरंच खाली गेलेल्या बॅटरीला अनेक चार्जर आधी अगदी हळू करंट देऊन वर आणतात, आणि ठरावीक वेळेत ती वर आली नाही की खराबीचा दिवा लावतात. पण एकूण आकडा पुरेसा नसतो. पुढच्या उदाहरणात ते स्पष्ट होईल.

## एक उदाहरण शेवटपर्यंत

दोन बॅटऱ्या आहेत, क आणि ख, दोन्ही १८ व्होल्टच्या. क बरेच महिने वापराविना पडून होती. चार्जरवर लावताच लाल-हिरवा आळीपाळीने लुकलुकतो.

लय दोन रंगांची आहे, म्हणून ही तापमानाची थांब नाही, नकार आहे. तरीही संपर्क पुसले, बॅटरी खोलीत रात्रभर ठेवली, पूर्ण सरकवून बसवली. खूण तीच. मग ख लावली, ती व्यवस्थित चार्ज झाली. चार्जर सुटला.

क चं व्होल्टेज मोजलं तर १६.१. पाचाने भागलं तर गटामागे ३.२ व्होल्ट, म्हणजे वरवर पाहता चार्ज व्हायला हरकत नसावी. बरेच लोक इथे चार्जरलाच दोष देतात. पण १६.१ हा आकडा दोन प्रकारे येऊ शकतो. पाचही गट ३.२ वर असतील, किंवा चार गट ३.५५ वर असतील आणि पाचवा १.९ वर. बेरीज दोन्हीकडे सारखीच, आणि बाहेरून मीटर फक्त बेरीज दाखवतं. बॅटरीच्या आतलं सर्किट मात्र गटांवर लक्ष ठेवून असेल, तर त्याला पाचवा गट दिसतो आणि ते चार्जरला नकार कळवतं.

कवच न उघडता फरक कसा ओळखायचा? थांबून. क बाजूला ठेवली आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजली: १५.६. काहीही न जोडता अर्धा व्होल्ट गेला. तंदुरुस्त लिथियम बॅटरी दोन दिवसांत इतकी उतरत नाही. शेजारी ठेवलेली ख जवळजवळ आहे तिथेच होती. म्हणजे क मधला एखादा गट आतल्या आत गळतो आहे, किंवा आतलं सर्किट बॅटरी खात आहे. दोन्ही बाबतीत निर्णय एकच: ही बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही.

हेच जर दोन दिवसांनीही आकडा हलला नसता, तर ती नुसती खोलवर उतरलेली असण्याची शक्यता होती. तेव्हा समोर बसून, अर्धा तास, एकदाच चार्जरवर ठेवून पाहायला हरकत नाही. वर आली तर आली. पुन्हा नकार मिळाला तर दुरुस्ती केंद्राकडे द्या.

इशारा: नाकारलेल्या बॅटरीला चांगल्या बॅटरीच्या तारा जोडून ‘जागं करण्याची’ युक्ती सगळीकडे सांगितली जाते. करू नका. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतल्या पत्र्याचं तांबं विरघळतं, आणि चार्ज करताना ते भलत्या जागी जमा होऊ शकतं. मग सेल आतूनच शॉर्ट होतो, कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी. बाहेरून व्होल्टेज चढवलं की चार्जर फसतो आणि त्याने दिलेला एकमेव इशारा आपणच पुसून टाकतो.

## पायरी ६: हिरवा दिवा, पण बॅटरी रिकामी

विजेच्या स्कूटर आणि सायकलींच्या साध्या चार्जरवर उलटी चूक होते. चार्जर लावला, दिवा लगेच हिरवा झाला, म्हणून बॅटरी भरलेली आहे असं समजून निघालं की गाडी अर्ध्या वाटेत थांबते.

अशा चार्जरमधला दोन रंगांचा दिवा बॅटरी पाहतच नाही. तो फक्त करंट पाहतो. करंट ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर लाल, कमी असेल तर हिरवा. बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, म्हणून हिरवा लागतो. पण पिन नीट बसली नसेल, फ्यूज गेला असेल किंवा बॅटरीच्या संरक्षण-सर्किटने दार बंद केलं असेल, तरीही करंट शून्यच असतो आणि हिरवाच लागतो. चार्जर कशालाच न जोडता नुसता मेन्सला लावून पाहा: तोच हिरवा दिसेल.

इथे मात्र चार्जरचं व्होल्टेज मोकळं असताना बहुधा मोजता येतं. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा गट असतात, म्हणून तिचा चार्जर ४२ व्होल्ट देतो. ४८ व्होल्टच्या, तेरा गटांच्या बॅटरीचा ५४.६ देतो. मोजलेला आकडा यापेक्षा दोन-चार व्होल्ट कमी असेल तर चार्जर थकला आहे. जास्त असेल, समजा ४२ च्या जागी ४४, तर तो चार्जर त्याच क्षणी बाजूला काढा, कारण तो प्रत्येक गटाला मर्यादेपलीकडे भरतो आहे. आकडा बरोबर असेल तर चार्जर सोडा आणि पिन, सॉकेट, फ्यूज या क्रमाने पुढे जा. सॉकेटमधली पितळी पिन काळवंडलेली किंवा भोवतालचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर तिथेच सैल जोड आहे.

तपासा: पिन लावल्यावर दिवा क्षणभर लाल होऊन पुन्हा हिरवा होतो का? तसं असेल तर करंट सुरू होऊन तुटतो आहे. सैल पिन हे त्याचं एक कारण, चार्जिंग तोडणारं संरक्षण-सर्किट हे दुसरं. पिन हातात हलकी हलवल्यावर रंग बदलला तर पहिलं.

## पायरी ७: दुरुस्तीला देताना

‘लाल दिवा लुकलुकतो’ एवढंच सांगितलं तर दुरुस्त करणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. व्हिडिओ पाठवा. चार्जर आणि बॅटरी दोन्हींचे मॉडेल क्रमांक द्या. बॅटरी किती तास खोलीत पडून होती, संपर्क पुसले का, दुसऱ्या बॅटरीवर आणि दुसऱ्या चार्जरवर काय दिसलं, आणि दोन वेळा मोजलेलं व्होल्टेज तारखेसह लिहा. वॉरंटी असेल तर कवच उघडू नका, आणि वॉरंटी नसेल तरीही लिथियम पॅक स्वतः उघडू नका: आत मेन्स नसला तरी शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर करंट सोडण्याची ताकद त्या सेलमध्ये असते.

नाकारलेली बॅटरी नेताना तिच्या संपर्कांवर चिकटपट्टी लावा, धातूच्या हत्यारांबरोबर एकाच पिशवीत टाकू नका, आणि ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या. तोपर्यंत ती चार्जरवर ठेवायची नाही, ‘बघू, आज घेतेय का’ म्हणूनसुद्धा नाही.